तराजूतली पाण्याची बशी

मूर्खपणा मी आयुष्यात पोत्याने केला, पण रक्त निघालं ते एकाच वेळी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वजनाच्या तराजूला काचेची पेटी असायची. त्या पेटीतली पाण्याची लहानशी बशी मी उचलली, पाणी सिंकमध्ये ओतलं आणि बशीच्या जागी ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल ठेवली. एवढंच केलं. पुढच्या दोन दिवसांत एकाचं कपाळ फुटलं, एकाचा ओठ फाटला, आणि माझी वेणी एका बाईच्या मुठीत सापडली.

ही ऐंशीनंतरच्या एका मे महिन्यातली गोष्ट. नवरा जवाहरनगरच्या कारखान्यात, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये. मी रोज बसने भंडाऱ्याच्या बाजूला एका कॉलेजात जायची. प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. वय सव्वीस, नागपूरची एम.एस्सी., आणि डोकं एवढं वर की दाराची चौकट लागायची राहिली हेच नवल.

आमच्याकडे एकच मायक्रोपिपेट होती. परदेशी. जाड पेनासारखी दांडी, वर अंगठ्याने दाबायचं बटण, टोकाला प्लास्टिकची बारीक नळी. एकदा दाबली की बरोबर शंभर मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा दहावा भाग पाणी सोडायची. तळ्यातल्या मासोळ्यांच्या रक्तातली प्रथिनं मोजायचं आमच्या विभागप्रमुख सरांचं काम होतं, ते सगळं तिच्यावर टांगलेलं. दुसरी मागवायची तर वर्ष गेलं असतं.

ती पिपेट दोनच माणसं हाताळायची. मी, आणि लॅबमधला अटेंडंट. तो चाळिशीचा होता, सानगडीकडचा. घरचे तळ्यात जाळं टाकणारे. आठ वर्षं रोजंदारीवर होता आणि त्याच्या कायम होण्याचा कागद त्या आठवड्यात सरांच्या टेबलावर सहीसाठी आला होता. हे त्याने मला दोनदा सांगितलं. मी दोनदा "बरं" म्हटलं. त्याला मी अरे-तुरे करायची, तो मला बाई म्हणायचा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आता लिहिताना पेन अडतं.

तर पिपेटची तपासणी. दर तीन महिन्यांनी करायची. पद्धत सोपी: लहान बाटलीत तळाला थोडं पाणी घ्यायचं, बाटली तोलायची, पिपेटने शंभर मायक्रोलिटर पाणी सोडायचं, परत तोलायची. वाढलेलं वजन म्हणजे सोडलेलं पाणी. असं दहा वेळा. त्या दिवशी पाण्याचं तापमान बत्तीस होतं. त्या तापमानाला शंभर मायक्रोलिटर पाणी ९९.४ मिलिग्रॅम भरतं. म्हणून वजनाला १.००६ ने गुणायचं की आकारमान मिळतं. आमची मर्यादा ठरलेली: सरासरी एक टक्क्याच्या आत, म्हणजे नव्व्याण्णव ते एकशे एक. आणि दहा आकड्यांची आपसातली तफावत अर्ध्या टक्क्याच्या आत.

वाऱ्याने तराजूचा काटा हलू नये म्हणून मी शेजारचा कूलर बंद करवला. इथवर शहाणपण. मग ती बशी दिसली.

"ही कोणी ठेवली?"

"म्या ठेवली जी," अटेंडंट म्हणाला. "पिपेट तोलाची असली का जुने सर ठेवाले लावत. बाटलीले झाकणबी लावत."

"तराजूत पाणी? गंज चढवायचा आहे का?"

"नाही जी, पण ते..."

"तू नळ्या धू."

जेल मी सकाळीच ओव्हनमध्ये भाजून कोरडी निळीशार केली होती, तिचा मला केवढा अभिमान. ती ठेवली. झाकण काढ-घाल करण्यात वेळ जातो म्हणून तेही बाजूला ठेवलं. दहा वजनं घेतली. ९७.२, ९७.४, ९७.३... सरासरी ९७.३. गुणून ९७.९. दोन टक्क्यांहून जास्त कमी.

माझा तर्क बघा किती देखणा होता. आकडे आपसात जुळतात, म्हणजे माझा हात पक्का. तरी सगळेच कमी, म्हणजे पिपेट बिघडली. आपोआप बिघडणार नाही, म्हणजे पाडली. मी पाडली नाही. राहिलं कोण? हे सगळं मी सरांना सांगितलं, आणि "म्हणजे त्यानेच?" असं त्यांनी विचारलं तेव्हा वर मानही डोलावली.

सरांचा हात जड आणि चटकन उठणारा. विद्यार्थ्यांच्या अंगावर त्यांनी खडूपासून स्टुलापर्यंत सगळं फेकलेलं मी पाहिलं होतं. ते तरातरा आत आले.

"पाडली का?"

"नाही जी."

"खरं सांग."

"नाही पाडली जी, साहेब. आईची..."

शपथ पुरी झाली नाही. सरांचा पूर्ण तळवा त्याच्या डाव्या कानशिलावर बसला. पाटीवर पाटी आपटावी तसा आवाज. तो फिरला आणि ओट्याच्या दगडी कडेवर कपाळ आपटून खाली बसला. भुवईवरून रक्त निघालं, नाकाच्या कडेने ओठात आलं. सरांनी लाकडी टेस्टट्यूब स्टँड उचलून पाठीत घातला, एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा त्यातल्या नळ्या फुटल्या. तो हात वर करून नुसता "नाही जी, नाही जी" म्हणत होता. मग सर आपल्या टेबलाशी गेले, त्याचा तो कागद आणला आणि त्याच्या डोळ्यांसमोर चार तुकडे केले. "निघ."

आणि मी? मी थांबा म्हटलं नाही. मी रजिस्टरात ९७.९ च्या खाली तांबड्या शाईने पट्टी धरून रेघ मारत होते. रेघ सरळ आली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्याचे दोन भाऊ आले, हातात डोंगा ढकलायचे बांबू. मागे त्याची बायको. सर दारातच सापडले. पहिला बांबू खांद्यावर, दुसरा तोंडावर. सरांनी स्टूल फेकलं ते कपाटाला लागलं, काच फुटली आणि फॉर्मॅलिनच्या बरण्या खाली आल्या. बेडूक, साप, एक भलामोठा मरळ मासा, सगळे फरशीवर. वासाने डोळ्यांची आग झाली. त्या धुरकट झोंबीत तिघे एकमेकांना हुडकून हुडकून मारत होते. सर घसरून मरळाच्या बाजूलाच पडले आणि तिथेही त्यांच्या बरगडीत लाथ बसली.

बायको सरळ माझ्याकडे आली.

"काहून वो, तू पाह्यलं का त्याले पाडतानी?"

"नाही, पण..."

थोबाडीत बसली.

"मंग कोनं पाह्यलं?"

"तराजूत आकडा कमी..."

दुसरी बसली. मग तिने माझी वेणी धरली आणि मला भिंतीवरच्या आलेखाशी नेऊन टेकवलं. "आठ वर्सं झाली. आठ वर्सं. तुह्या आकड्यानं माह्ये लेकरं जेवतीन का?" वेणी तिने सोडली नाही. मी रडत होते ते फॉर्मॅलिनने की कशाने, आजही सांगता येत नाही.

प्राचार्य आले तेव्हा सगळे दमले होते. ते बारीक आवाजात बोलणारे गृहस्थ. त्यांनी खिडक्या उघडवल्या, फरशी धुववली, आणि अटेंडंटला बोलावून आणलं. कपाळाला चिंधी बांधलेली, डावी बाजू सुजलेली.

"पोलिसात जायच्या आधी एक करू," प्राचार्य म्हणाले. "बाई, सगळ्यांसमोर परत तोला. पिपेट कमी भरली तर हा गेला आणि भावांवर केस. बरोबर भरली तर सरांनी सही करायची."

मी खिडक्या लावल्या, कूलर बंद केला.  तीन वेळा तोललं. ९७.३. ९७.२. ९७.४.

"बघा," सर फाटक्या ओठातून म्हणाले.

बायकोने पदर तोंडाला लावला. धाकट्या भावाने बांबूवरचा हात बदलला. तेव्हा अटेंडंट बोलला, हळू, जणू मला वाईट वाटू नये म्हणून.

"बाई, आता काही न टाकता तोला."

"काही न टाकता काय तोलायचं?"

"तेवढाच वेळ घ्या जी. पेटी उघडा, पिपेट बाटलीपाशी न्या, बटन दाबू नका. पेटी लावा. अन् मंग आकडा पाहा."

केलं. वाढायला काही नव्हतंच. आकडा होता तिथे राहायला हवा होता. तो २.१ मिलिग्रॅमने खाली आला. परत केलं. परत २.१.

मी पेटीत वाकून पाहिलं. उघडी बाटली, मे महिना, आणि वर मी भाजून ठेवलेली जेल हवेतला उरलासुरला ओलावा ओढत बसलेली. मी पाणी सोडत होते आणि काटा स्थिर होईपर्यंत ते उडून जात होतं. दर वेळी सारखंच उडत होतं, म्हणून आकडे एवढे गुण्यागोविंदाने जुळत होते. ९७.३ मध्ये २.१ मिळवा. ९९.४. गुणा १.००६ ने. शंभर.

"जुने सर आधी असंच रिकामं तोलत," तो म्हणाला. "जेवढं उडते तेवढं मांडून ठेवत, मंग आकड्यात मिळवत."

प्राचार्यांनी त्यालाच पुढचं करायला सांगितलं. त्याने जेल काढली, बशीत पाणी भरून पेटीत ठेवली, बाटलीला झाकण लावलं आणि पेटीतली हवा ओलसर व्हावी म्हणून अर्धा तास कोणाला हात लावू दिला नाही. अर्धा तास आम्ही सगळे, मारणारे आणि मार खाल्लेले, एकाच बाकावर बसलो. मग त्याने मला इशारा केला. रिकाम्या फेरीत आकडा फक्त ०.२ ने उतरला. पाणी सोडून तोललं तर ९९.२. मिळवा, ९९.४. पिपेट ठणठणीत होती, पहिल्यापासून.

प्राचार्यांनी कागद नव्याने टाईप करवला. सरांनी सही केली, कोणाकडे न पाहता. भावांनी बांबू उचलले. बायको माझ्या समोरून गेली तेव्हा मी आपसूक वेणी पदराखाली घेतली. तिने माझ्या गालाकडे एकदा नीट पाहिलं, जसं आपण केलेलं काम पाहावं.

माफी मागायला मला पुढे आठवडा लागला. धीर होईना. शेवटी एका दुपारी तो सिंकपाशी पूर्ण नळ सोडून नळ्या धूत होता, मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. चांगलं पाठ करून आले होते. बशी मी काढली, तुम्ही सांगत होता ते ऐकलं नाही, तुम्हाला मारत होते तेव्हा मी रेघ मारत उभी राहिले, चूक तराजूची नव्हती, माझी होती. पहिल्यांदाच त्याला तुम्ही म्हटलं. आवाज दोनदा फुटला. तो ब्रश फिरवत राहिला, नळी उजेडात धरून बघत राहिला, पुढची नळी घेतली. मला वाटलं, राग आहे, असणारच. मी बोलायची थांबले, तरी तो वळला नाही. मग माझी सावली ओट्यावर दिसली असेल, त्याने मान फिरवून पाहिलं आणि नळ बंद केला.

"बाई, मघापासून बोलून राह्यल्या का तुमी? साहेबाची थापड बसली तवापासून त्या कानात काहीच येत नाही जी. इकडून या, अन् पुन्यांदा सांगा."