जागा भरली असं धरून

२०२४ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो. तिसरीपर्यंत शिकलेला. आमच्या घरातून कुणापुढे विनवणीचा कागद गेलेला मला तेव्हाही चालत नव्हता, आजही चालत नाही.

नात बी.कॉम. झाली होती. हायवेवरच्या एका मोठ्या गोदामात, आला-गेला माल संगणकावर सांभाळायची जागा निघाली होती. मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटची तिथल्या मोठ्या साहेबांपुढे. भरतीचं बघणारी बाई फोनवर म्हणाली, "आठवड्यात कळवते." नातीनं त्याच संध्याकाळी आभाराचा मेल केला. आठवड्यानं विचारलं. आणखी आठवड्यानं परत विचारलं. तिकडून चिडीचूप.

तोवर नारपोलीतल्या एका कापडवाल्या ऑफिसातून दुसरी नोकरी चालून आली. जागा लहान, पण सोमवारपर्यंत हो-नाही सांगा म्हणाले. पोरगी हो म्हणेना. जेवताना डाव्या हातात फोन धरून बसायची.

मी एक दिवस कुणाला न सांगता त्या गोदामाच्या गेटवर गेलो. आमच्या वेळेला लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम पाहिजे तर माणूस गेटवर उभा राहायचा. वॉचमन म्हणाला, "चाचा, लोडिंग की उमर निकल गई आपकी." मी म्हटलं, भरतीवाली बाई पाहिजे. तर म्हणे, "मॅडम इधर नहीं बैठती, वो बंगलोर में है." मी परत आलो. हे घरात कुणाला माहीत नाही.

रविवारी दुपारी नात मेल लिहीत बसली. मी म्हटलं, "मराठीत सांग, काय लिव्हलंस."

तिनं सांगितलं: "मॅडम, शेवटच्या फेरीला तीन आठवडे झाले. काही कळलं नाही, तेव्हा जागा भरली असेल असं मी धरते. तुम्ही वेळ दिलात, आभारी आहे. साहेबांनी गोदाम फिरवून दाखवलं, ते फार आवडलं. पुढे माझ्याजोगी जागा निघाली तर जरूर कळवा. तुम्हा सगळ्यांना शुभेच्छा."

"शुभेच्छा कशाला? त्यांचं लगीन हाय काय?"

"आबा, रीत आहे."

"त्यांनी रीत पाळली न्हाय, तू कशाला पाळतेस? लिव्ह, तुमच्या आठवड्यात किती दिवस असतात."

"मग तुम्हीच लिहा. दोन ओळी लिहाल, आणि पुढच्या वेळी माझं नाव दिसलं की मॅडम फोनच बाजूला ठेवतील."

"याला उत्तर तरी येणार काय?"

"नाही आलं तरी चालेल. म्हणून तर काही विचारलंच नाही. तिथं काहीही झालं असेल, कदाचित भरतीच थांबवली असेल. मला हे मिटवून आज नारपोलीला हो सांगायचंय."

मी आणखी बोलणार होतो, पण माझा फोन वाजला. मी बघितला आणि पालथा ठेवला.

"कोण आहे?"

"अंबाडीचा ग्रिलवाला. गाळ्यासाठी."

माझ्या चार लूमा विकल्यापासून तो गाळा रिकामा होता. ग्रिलवाला बघून गेला होता, त्याला पसंत पडला होता. मी म्हटलं होतं, दोन दिवसांत सांगतो.

"गाळा तर तुम्ही खोकेवाल्याला दिलात ना? मागच्या महिन्यात?"

"दिला."

"यांना सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? न्हाय कळवलं की माणूस समजून जातो."

 नातीनं माझ्याकडं बघितलं, मग पालथ्या फोनकडं, आणि मेल पाठवून दिला. एक शब्द बदलला नाही. मग नारपोलीला हो कळवलं आणि चहा ठेवला. जेवताना त्या रात्री तिचे दोन्ही हात मोकळे होते. बंगलोरहून उत्तर आजपर्यंत आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात नारपोलीला निघाली, तेव्हा मी अंबाडीच्या एसटीत बसलो. ग्रिलवाला दुकान उघडत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "गाळा दुसऱ्याला दिला. तुम्ही बघायला आलात, वेळ घातलात, आभारी हाय. परत रिकामा झाला तर पहिला फोन तुम्हाला."

"काका, ते मला कवाच कळलं. खोकेवाल्याचा टेम्पो लागलेला बघितला ना मी. बसा, चहा सांगतो."

"मग फोन कशाला करत होता?"

त्यानं गल्ल्यातून चावी काढली. गाळा बघायला मीच त्याला दिली होती आणि साफ विसरलो होतो. "ही द्यायला. महिना झाला, तुम्ही उचलतच न्हाय."

ती चावी हरवली म्हणून मी घरात सगळ्यांना बोललो होतो आणि खोकेवाल्यासाठी कुलूप तोडलं होतं. मी चावी खिशात टाकली, चहा प्यालो आणि कुलपाचं काही बोललो नाही.