तीन मिली, सहा तास आणि दुसरा नंबर

पाळणाघर चालवून मला एकोणीस वर्षं झाली. आईबापांच्या चिठ्ठ्या म्हणाल तर पोत्याने वाचल्यात. "ताप आला तर औषध द्या." कोणतं, किती, देव जाणे! ठकीच्या आईची चिठ्ठी मात्र बघत राहावी अशी.

"माझी मुलगी, वय अडीच वर्षं, वजन बारा किलो. ताप १०१ च्या वर गेला आणि ती किरकिरी झाली, तर पॅरासिटामॉल द्यायला माझी परवानगी आहे. बाटली ५ मिलीला २५० मिलिग्रॅमची. एका वेळी ३ मिली, सोबतच्या सिरिंजने मोजून. दोन डोसांत किमान सहा तास, चोवीस तासांत चारांहून जास्त नाही. देण्याआधी मला विचारा. घरी कधी दिलंय ते सांगेन. तासाभरात ताप उतरला नाही, उलट्या झाल्या, पुरळ आलं, तर लगेच फोन करा. झटका आला किंवा जागी होईना, तर आधी रुग्णवाहिका, मग मी."

खाली सही, तारीख, डॉक्टरांची चिठ्ठी टाचलेली आणि आमच्या फॉर्मवरच्या नियमाप्रमाणे दोन फोन नंबर: एक आईचा, दुसरा ती सापडली नाही तर लावायचा. मी न बघताच फाइलला लावली. इतक्या नीटस बाईचं काय तपासायचं?

बाई अबोल. एका कंपनीच्या तक्रार-केंद्रात कामाला. दिवसभर परक्यांची बोलणी खायची आणि "आपली काय मदत करू?" विचारायचं. आत जाताना स्वतःचा फोन लॉकरमध्ये. ठकीचा बाप कुठे आहे हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. संध्याकाळी दाराशी बाकीच्या आया घोळक्याने बोलत उभ्या राहत. ही ठकीचे बूट बांधायची आणि निघायची.

त्या दिवशी पावणेअकराला ठकीचं अंग तापलं. थर्मामीटर म्हणाला १०१.८. मदतनीस मावशींनी बाटली काढली, सिरिंज काढली. मी म्हटलं, "थांबा. सकाळी घरी दिलंय का?" रोजच्या वहीत तो रकाना कोरा! आईला फोन लावला. वाजून वाजून बंद. लॉकरच तो, बिचारा काय उचलणार? तिच्या ऑफिसात निरोप ठेवला. ठकी माझ्या मांडीवर, नुसती कण्हत होती. मावशी म्हणाल्या, "ताई, देऊन टाकूया की. पोर तळमळतंय." आधी दिलेलं असलं तर? डोसावर डोस द्यायचा नाही म्हणजे नाही. तिचा स्वेटर काढला, घोटघोट पाणी पाजलं.

मग टेबलावरच्या फोनवरून दुसरा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा एंगेज. पाच वेळा! माझं डोकं फिरलं. "कोण टकळी लावून बसलंय एवढं?" म्हणत मी आकडे मोठ्याने वाचले. मावशींनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "ताई, हा आपलाच नंबर."

आपलाच. स्वतःचा नंबर कोण कधी फिरवतं? मी रिसीव्हर जागेवर ठेवला.

सव्वाअकराला आईचा फोन आला. "सहा वाजता दिलंय, तीन मिली. बाराच्या आधी देऊ नका. मी निघालेच."

"ताप दाबून पाठवलंत पोरीला?" मी ओरडलेच.

पावणेबाराला धापा टाकत आली. ठकी तिच्या गळ्यात पडली तरी मी थांबले नाही. "तापात पाठवायचं नाही, हा नियम माहीत नाही का तुम्हाला? बाकीची सोळा पोरं आहेत इथे. आणि सांगितलंही नाहीत! मी तीन मिली दिलं असतं तर?"

"चुकलं माझं," ती म्हणाली. "सकाळी उतरला होता. या महिन्यात दोन रजा झाल्यात. घरी ठेवायचं तर कुणाजवळ?"

"आणि हा दुसरा नंबर?"

ती ठकीच्या पाठीवर हात फिरवत होती. "दुसरा नंबर कोरा सोडायचा नाही असं तुम्हीच म्हणालात. खूप आठवलं, ताई. माझा फोन हमखास उचलतात असे तुम्हीच."

माझा सगळा राग ओसरला आणि फार वाईट वाटलं. एकोणीस वर्षं तो दुसऱ्या नंबराचा नियम मी फॉर्मवर छापतेय. काय छापतेय, ते त्या दिवशी कळलं.

मी चिठ्ठीवरचा नंबर खोडला आणि माझा स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला. म्हटलं, "पाळणाघर सहाला बंद होतं. हा चालू असतो. ताप वाढला तर संध्याकाळी डॉक्टरकडे मी येते सोबत."

तिने तो नंबर आपल्या फोनमध्ये घातला. दोनदा तपासला. दारापर्यंत गेली आणि वळली.

"रविवारी फोन केला तर चालेल? म्हणजे, काही झालेलं नसलं तरी?"