कोऱ्या पट्ट्याला घातलेलं खत

मंगळवार, ९ डिसेंबर. नळाला पाणी कमी. चष्म्याची काडी घट्ट करून आणली. साडेदहाला भाजीवाले शेतकरी मुलीला घेऊन आले. तिचा परदेशातल्या एम.एस्सी.चा अर्ज उद्या दुपारी बारापर्यंत जायला हवा.

एवढं लिहून टीचरनी पेनाला टोपण लावलं. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण गल्लीत अजून कुणाला इंग्रजी अर्ज लिहायचा झाला की त्यांचीच बेल वाजे. मुलगी कृषी पदवीधर होती. 'आपण हाच विषय का निवडला आणि पुढे काय करणार' हे सांगणारा निबंध, म्हणजे तिची एसओपी, आठवडाभर टीचरांच्या लाल पेनाखाली होती. मर्यादा होती आठशे शब्दांची.

"एकदा वाचून दाखवा टीचर, मराठीत सांगत सांगत," शेतकरी म्हणाले. "पोरगी काय सांगून जातेय ते कळू दे."

टीचरनी घसा साफ केला. "'बालपणापासून वसुंधरेच्या हिरव्या पदराने माझ्या मनाला भुरळ घातली.'"

"हिला?" शेतकऱ्यांनी लेकीकडे पाहिलं. "निंदायला चल म्हटलं की हिचं पोट दुखायचं."

"बाबा, ते वाक्य टीचरांचं आहे."

टीचर पुढे सरकल्या. मुख्य परिच्छेद मुलीच्या प्रयोगाचा होता. घरच्या शेतात तिने मक्याचे तीन पट्टे पेरले होते. एकाला युरियाची पूर्ण मात्रा, दुसऱ्याला अर्धी आणि तिसरा कोरा, खताशिवाय. कोऱ्या पट्ट्याचं पीक अर्ध्या मात्रेच्या पट्ट्याएवढंच भरलं होतं. आधीच्या वर्षीच्या चवळीने जमिनीत पुरेसं नत्र ठेवलं असावं, असा तिचा निष्कर्ष होता आणि त्यावरच पुढे संशोधन करायचं होतं.

शेतकऱ्यांनी चहाची बशी उगाच फिरवली. "तिसरा म्हणजे रस्त्याकडचा?"

"हो."

"मग त्या चवळीचं एवढं कौतुक नको लिहू."

मुलीने हळूच विचारलं, "बाबा, काय केलंत?"

"पिवळा पडला होता गं. येणारा-जाणारा विचारायचा, मुलगी शेतीचं शिकली ना, मग मका असा का? काय सांगू, तिनेच उपाशी ठेवलाय?"

"त्याला उपाशीच ठेवायचं होतं. त्यासाठीच तर पेरला होता."

"ते खरं. पण बघवेना. घातला थोडा युरिया."

"थोडा म्हणजे? आणि कधी?"

"एक घमेलं. तुझी परीक्षा होती तेव्हा."

"चार वर्षं मी परीक्षाच दिल्या, बाबा."

टीचर उठल्या, कपाटातून आधीची वही काढली आणि बोटाने ओळी खाली नेल्या. "सोमवार, ११ ऑगस्ट. भाजी पाऊण तास उशिरा. शेतकरी म्हणाले, मक्याला खत घालून आलो. गवार जून."

"गवार कोवळी होती," शेतकरी म्हणाले.

"वहीत जून आहे."

मुलीने बोटांवर हिशेब केला. पेरणी चार जुलैची. म्हणजे अडतिसाव्या दिवशी. तिने टेबलावर कोपर टेकलं. तो परिच्छेद काढला तर निबंधात उरत होता फक्त वसुंधरेचा पदर.

"राहू दे की लिहिलंय तसं," शेतकरी म्हणाले. "साता समुद्रापलीकडे कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना आता," मुलगी म्हणाली. "तिथे जाऊन दोन वर्षं त्याच्यावरच काम करायचं, आणि ते झालंच नव्हतं?"

मग टीचरनी लाल पेन उघडलं आणि आठवडाभर जपलेल्या आपल्या पहिल्या वाक्यावर आडवी रेघ मारली. जरा जड हातानेच.

"जे झालं त्यापासून सुरू कर," त्या म्हणाल्या.

मुलीने लॅपटॉप ओढला. माझा पहिला प्रयोग माझ्या वडिलांनी अडतिसाव्या दिवशी दयेपोटी बिघडवला, असं तिने लिहिलं. एकेकच पट्टा ठेवणं ही आपली चूक. प्रत्येक मात्रेचे चार-पाच पट्टे, चिठ्ठ्या टाकून वाटलेले, हवे होते. आणि ज्याचं शेत त्याला उपाशी पीक बघवत नाही, हे धरूनच शेतावरचे प्रयोग कसे आखावेत, ते मला शिकायचं आहे. त्या विद्यापीठातल्या एक प्राध्यापिका शेतकऱ्यांना बरोबर घेऊन असेच प्रयोग करत होत्या. त्यांचं काम तिने आधीही वाचलं होतं, पण निबंधात त्यांना जागा आत्ता मिळाली.

शब्द भरले आठशे एकतीस. टीचरनी स्वतःची उरलेली विशेषणं एकेक करून वेचून काढली. सातशे शहाण्णव.

"माझं नाव आहे का त्यात?" शेतकऱ्यांनी विचारलं.

"सहकारी शेतकरी, असं घातलंय."

"आणि चोरून खत घातलं ते?"

"तारखेसकट."

त्यांनी जरा विचार केला. "घमेलं लिहू नको. किलोत लिही. आठ-नऊ किलो भरेल."

चार वाजायला दहा कमी असताना अर्ज गेला. पोचपावतीची मेल आली, ती मुलीने दोनदा मोठ्याने वाचली.

संध्याकाळी टीचरनी वही उघडून सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: अर्ज ३.५० ला गेला. शेगडी पुसली. डावा बर्नर नीट पेटत नाही.