खिडकीपाशी ठेवलेलं बाकडं

सातपूरच्या आमच्या बुद्धिबळ वर्गाच्या उन्हाळी बॅचच्या जाहिरातीची कॅप्शन दरवर्षी मीच लिहितो. सात, नऊ आणि अकरा वर्षांखालचे गट, महिन्याची फी दोन हजार, शेवटी एका खुल्या स्पर्धेत खेळायची संधी, ट्रायल मोफत. यंदा बायको म्हणाली, "ट्रायलला काय बघता, तेही लिहा की."

ते लिहिलं असतं तर एकही फोन आला नसता. ट्रायलला मी पालकांना बघतो. स्पर्धेत त्यांना हॉलबाहेर बसावं लागतं, आणि तिथून डोळे वटारणारा बाप पोराचा निम्मा डाव घालवतो. म्हणून ट्रायललाही मी वर्गाबाहेर बाकडं ठेवतो आणि खिडकी मुद्दाम उघडी ठेवतो.

गेल्या रविवारी एक आई दर चालीला खिडकीशी येत होती. "अगं, घोडा मरतोय!" मुलगी पट सोडून आईकडेच बघत राहिली.

त्यांच्यानंतर अंबडहून रात्रपाळी करून एक वडील लेकीला घेऊन आले. बाकड्यावर टेकले आणि घोरायलाच लागले. आत लेक निवांत खेळून हरली आणि म्हणाली, "सर, अजून एक डाव?"

वडिलांना उठवायच्या आधीच मी तिचं नाव लिहून घेतलं.