स्थळांचा हंगाम आणि उत्तमराव

उत्तमराव आयुष्यात कधी कुणाच्या पुढे धावले नाहीत. शाळेत नाही, बस पकडायला नाही, लग्नाच्या पंगतीत तर नाहीच नाही. पण आदिलाबादच्या बसस्टँडजवळच्या त्यांच्या दुकानात अठ्ठ्याण्णव साली काँप्युटर आला, त्याला टेलिफोनची तार जोडली गेली, आणि पुढच्याच महिन्यात हा माणूस इंटरनेटवर लग्नं जुळवू लागला. गावातली इंटरनेट पाहिलेली माणसं तोवर एका टेबलाभोवती मावली असती.

दुकान म्हणजे एक खोली. एका अंगाला झेरॉक्सचं मशीन आणि एसटीडीची काचेची पेटी, दुसऱ्या अंगाला गयाबाईंचं शिलाई मशीन. गयाबाई म्हणजे उत्तमरावांच्या मंडळी. साडीला फॉल लावणं आणि पिको करणं हे त्यांचं काम, आणि खरं सांगायचं तर घरातलं दूधपाणी त्याच मशीनवर चालत असे. दोघांच्या मधोमध काँप्युटर बसला होता, अंगावर गयाबाईंनीच शिवलेलं फुलाफुलांचं झाकण घालून, एखाद्या मानपान मागणाऱ्या जावयासारखा.

धंद्याची रीत सोपी होती. लोक मुलामुलींची माहिती आणून देत. उत्तमराव ती इंटरनेटवरच्या एका फुकट मिळालेल्या पानावर चढवत: नंबर, वय, उंची, शिक्षण, गोत्र आणि जमला तर फोटो. नाव आणि पत्ता मात्र तिथे नसे. ते उत्तमरावांच्या वहीत. हैदराबादेत किंवा पुण्यात नोकरीला लागलेली इकडची पोरं पान फुकट बघत, आणि एखादा नंबर आवडला की ई-मेल पाठवत. ई-मेलची उत्तरं द्यायला आणि फोटो चढवायला हैदराबादचा नंबर फिरवावा लागे, म्हणजे एसटीडीचं मीटर पळे. म्हणून उत्तमराव पहाटे पाचला उठून पाव दरात काम उरकत. एक फोटो वर जाईपर्यंत त्यांची आंघोळ होत असे. लाइन तुटली तर दुसऱ्यांदा आंघोळ करायची सोय नव्हती, एवढीच अडचण.

लग्नं जुळत होती, पण पैसा काही जुळेना.

पहिल्यांदा त्यांनी सरळ विक्रीचा मार्ग धरला. सगळ्या स्थळांची नावापत्त्यांसकट यादी छापली, नऊ पानं, किंमत पन्नास रुपये, एकदा घ्या आणि मोकळे व्हा. पहिली यादी बोथच्या चंपतरावांनी घेतली. चंपतराव कापसाचे व्यापारी, तीन लेकींचे बाप आणि मनाने राजा माणूस. यादी घेऊन ते तीन पावलं चालले, झेरॉक्सच्या मशीनपाशी थांबले आणि म्हणाले, याच्या अकरा कॉप्या काढा, आमच्या सगळ्या सोयऱ्यांना पाहिजेत. उत्तमराव गिऱ्हाइकाला नाही म्हणणारे नव्हते. त्यांनी एक रुपया पानाने अकरा कॉप्या काढून दिल्या, वर स्टेपलही मारलं. संध्याकाळी गयाबाईंनी विचारलं की याद्या किती खपल्या, तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, एक. पण झेरॉक्सचा गल्ला बघ. दुसरी यादी खपलीच नाही. महिनाभरात तर ती शिळीही झाली, कारण तिच्यातल्या दोन मुलींचे साखरपुडे झाले होते आणि त्यांचे वडील रोज नव्या पाहुण्यांना चहा पाजून दमले होते.

मग उत्तमरावांना दलालीची कल्पना सुचली. अडतीत कापूस विकला जातो तेव्हा अडत्या आपला हिस्सा घेतोच की. आधी काही द्यायचं नाही, लग्न ठरलं की हजार रुपये. लोकांना हे फार आवडलं. आधी काही द्यायचं नाही हा भाग विशेष आवडला.

त्या वैशाखात त्यांच्या पानावरची पाच लग्नं लागली. पाचही लग्नांना उत्तमराव गेले. पाचही ठिकाणी त्यांना फेटा आणि नारळ मिळाला, मांडवात पुढची जागा मिळाली, आणि पाचही ठिकाणी मुलाचा किंवा मुलीचा कुणीतरी मामा उठून सांगत होता की हे स्थळ त्याने शोधलं. आपल्याकडे लग्न जुळवणाऱ्याला मान देतात, मजुरी देत नाहीत. पैसे मागितले तर तो माणूस दलाल ठरतो आणि ज्या लेकीसाठी मागितले ती बाजारातली वस्तू ठरते. कोण बाप ते ऐकून घेईल? उत्तमरावांनी एका बापाला हळूच आठवण करून दिली, तर त्यांना जेवायला पुन्हा बसवलं. चार फेटे त्यांनी ट्रंकेत ठेवले. पाचव्याचं गयाबाईंनी मशीनचं झाकण शिवलं.

पैसे बुडाले एवढंच असतं तर उत्तमरावांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण दलालीने त्यांना आतून थोडं वाकवलं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर सांगितलं चंपतरावांनी. थोरल्या लेकीसाठी निर्मल गावचं एक स्थळ उत्तमरावांनी मोठ्या हौसेने सुचवलं होतं. पाच फूट सात इंच, असं पानावर लिहिलं होतं. चंपतराव मुलगा पाहून आले आणि दुकानातल्या स्टुलावर बसले.

“पोरगा माह्या खांद्याले लागून राह्यला, उत्तमराव.”

उत्तमराव म्हणाले की मोजताना चूक झाली असेल.

“चूक नाय. तुमचे हजार रुपये अडकले होते, म्हणून तुमी त्याले लांब केलं.”

चंपतराव रागावले नव्हते, चहा पिऊनच गेले. पण उत्तमरावांना तो चहा कडू लागला. कारण मुलाने अर्जात पाच फूट चारच लिहिलं होतं. चाराचे सात कुणी केले हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्याच रात्रीच्या जेवणात त्यांनी दलाली बंद केली, आणि त्याच जेवणात गयाबाईंनी आपला निकाल दिला. दोन महिन्यांचं फोनचं बिल दोन हजारांवर जात होतं, इंटरनेटच्या खात्याचे वर्षाचे पैसे वेगळे, आणि हे सगळं पिकोच्या मशीनने का म्हणून भरायचं? तुळशीच्या लग्नापर्यंत काँप्युटरने आपलं बिल आपण भरलं तर ठीक. नाहीतर तो गयाबाईंच्या भावाच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात हिशेबाला जाईल आणि त्या जागी दुसरं शिलाई मशीन येईल. उत्तमरावांनी मान डोलावली. पोळ्या मात्र दोनच खाल्ल्या.

राहिली महिन्याची वर्गणी. शंभर रुपये महिना, पत्ते हवे तेवढे घ्या. लग्न जमो न जमो, उत्तमरावांचे शंभर ठरलेले. म्हणजे कुणाला लांब करायचा मोह नाही. जूनमध्ये बावीस जणांनी पैसे भरले. उत्तमरावांनी गयाबाईंसाठी जिलेबी आणली. जुलैत नऊ जण आले. श्रावणात दोन, आणि त्यातला एक झेरॉक्ससाठी आला होता.

उत्तमराव हबकले. चातुर्मासात लग्नं बंद, हे खरं. पण लोक म्हणत होते की दिवाळीनंतरही येणार नाहीत. आणि तक्रार कुणाचीच नव्हती. एकेकाला विचारलं तर सगळे म्हणाले, काम झक्कास आहे.

कोडं सोडवलं गयाबाईंनी, आणि तेही एका साडीमुळे. मुधोळच्या मथुराबाई फॉल लावायला साडी घेऊन आल्या होत्या. त्यांचा मुलगा हैदराबादेत नोकरीला, वय एकतीस, पानावर नंबर चौदा. त्यांनी साडी दिली, इकडेतिकडे पाहिलं आणि ब्लाउजपीसच्या घडीत शंभराची नोट गयाबाईंच्या हाती सरकवली. काँप्युटरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या चहाच्या हॉटेलात मुधोळची चार माणसं बस येईस्तोवर बसलेली होती.

मथुराबाई गेल्यावर गयाबाईंनी नोट उत्तमरावांपुढे ठेवली.

“अहो, हे पैसे लोकाईले जड नाय जात. इथं यायले जड जाते.”

“काऊन?”

“पयल्यांदा आली तर बाई स्थळ पाहून राह्यली. दुसऱ्या महिन्यात आली, की पोराचं अजून जमलं नाय. तिसऱ्या महिन्यात आली, की पोरात काई खोट हाय. समोरचे चहा पीत पीत मोजून राह्यले.”

उत्तमरावांनी नोट गल्ल्यात टाकली. दर महिन्याला शंभर रुपये घेऊन आपण लोकांना त्यांच्या मुलांची नामुष्की विकत होतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी सुचवलं की मग एकदाच पैसे घेऊ, लग्न होईस्तोवर. गयाबाईंनी विचारलं, आणि सात वर्षं नाही झालं तर? सात वर्षं पहाटे उठून त्याचा फोटो कोण सांभाळणार? एकदाच मिळालेल्या पैशातून दर महिन्याचं बिल भरायचं, हे गणित उत्तमरावांच्याही डोक्यात बसेना.

तेवढ्यात गयाबाईंना आपला धंदा आठवला. लग्नसराईत त्यांच्याकडे रांग लागते आणि मांडव उठले की रांग उठते. लोक वर्ष महिन्यांत मोजत नाहीत, हंगामात मोजतात. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत एक हंगाम, त्याचे एकदाच अडीचशे. हंगाम संपला की पान कोरं. पुढच्या तुळशीच्या लग्नाला सगळ्यांची नवी नोंद, नवे नंबर, जुने कोण आणि नवे कोण हे उत्तमरावांच्या वहीशिवाय कुणालाही कळायचं नाही.

उत्तमरावांनी शंका काढली की ही शेवटी वर्गणीच झाली, फक्त लांब मुदतीची.

“हो. पण परत आली म्हणून बाईले कोनी हसनार नाय. त्या दिवशी सारेच येतीन.”

वहीत हिशेब मांडला तेव्हा आठ महिन्यांची चार बिलं आणि वर्षाचं खातं सुटायला छप्पन्न नोंदी पुरत होत्या. छप्पन्न हा आकडा उत्तमरावांनी झेरॉक्सच्या मशीनला चिकटवून ठेवला.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी दहाला दुकानाबाहेर चपला मावेनात. लोक खरंच उघडपणे आले, कारण सगळेच आले होते. चंपतराव तिघी लेकींसाठी आले आणि दुसरीची उंची स्वतःच टेपने मोजून आणली आहे असं मोठ्याने सांगून बसले. मथुराबाई या वेळी ब्लाउजपीसविना आल्या. चहाच्या हॉटेलातल्या चौघांपैकी दोघं रांगेत उभे होते. त्यांनाही पोरी होत्या. मथुराबाईंना नवा नंबर मिळाला तीन, आणि त्या मागच्या बाईला निवांतपणे सांगू लागल्या की आम्ही आत्ताच सुरुवात करतोय.

उत्तमरावांना अर्ज भरता भरता मान वर करायला सवड नव्हती. पैसे घ्यायला गयाबाई बसल्या होत्या. दुपारी त्यांचा जिनिंगवाला भाऊ आला, पोराचा फोटो घेऊन. काँप्युटर न्यायला म्हणून त्याने सोबत रिक्षाही आणली होती. भावाकडून काय घ्यायचे पैसे, असं म्हणत त्याने फोटो टेबलावर ठेवला. गयाबाईंनी वहीवर नजर टाकली. शेवटची नोंद पंचावन्नावी होती.

“अडीचशे, दादा,” त्या म्हणाल्या, “आन् रिक्षा वापस लावून दे.”