दुसरी बाटली

अक्षताशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. राजारामपुरीतल्या आमच्या हायड्रॉलिकच्या ऑफिसात मी तिच्या शेजारच्या टेबलावर, म्हणून माझं डोकं रोज आपटतं. विजयसिंह या आमच्या गिऱ्हाइकाच्या फाउंड्रीतल्या भट्टीच्या बाबतीत मात्र ती हरावी असं मला वाटत होतं, कारण ती बरोबर निघाली तर भयंकर होतं.

लोखंड वितळवायची ती भट्टी तेलाच्या दाबावर झुकते. व्हॉल्व्ह बंद झाला की पाइप दणकन हादरायचे. तो झटका गिळायला आणि वीज गेल्यावर भट्टी रिकामी करायला अक्षतानं अ‍ॅक्युम्युलेटर सुचवला. म्हणजे पोलादी बाटली. आत रबरी पिशवीत नायट्रोजन. पंप तेल कोंबतो, वायू दबतो आणि जोर साठून राहतो.

भट्टी पूर्ण झुकवायला बारा लिटर तेल लागतं. पण बत्तीस लिटरची बाटली भरलेली भट्टी पेलेल अशा दाबानं जेमतेम सात लिटर देते. म्हणून अक्षतानं कोटेशनात दोन बाटल्या लिहिल्या. मालक विजयसिंहांनी एकच बसवली. झटका गेला, दाबाचा काटा स्थिर झाला, पेढे वाटले. झटक्याला एक पुरते हो, भट्टीला नाही!

त्या भट्टीवर अक्षताचे वडील कामाला आहेत, नागसेनकाका.

अक्षता मला घेऊन फाउंड्रीवर गेली.

"मालक, भट्टी रिकामीच हाय. पंप बंद करून झुकवून दावा."

"पोरी, उगाच का?"

"उद्या भट्टीचं आतलं अस्तर फुटलं आन् लाइट न्हाय, तर लोखंडाचा रस खड्ड्यात कसा वतणार? भट्टीभोवतीच्या कॉइलमधल्या पाण्याला रस लागला तर स्फोट हुतोय."

काकांनी मान खाली घातली. "अक्षू, मालकांस्नी शिकवू नगंस."

तरी पंप बंद झाला. काकांनी हातानं व्हॉल्व्ह उघडला. भट्टी हळूहळू झुकली आणि पाऊण वाटेवर थांबली.

"ही रिकामी," अक्षता म्हणाली. "भरलेली निम्म्यावरच थांबंल."

विजयसिंहांनी घाम पुसला. "सोमवारी दुसरी बाटली आणतो. शब्द हाय. पण आजचा माल गेलाच पायजे."

"पप्पा, न्हाय म्हणा."

काकांनी लेकीकडं पाहिलंच नाही. "मी हाय की," ते म्हणाले. पंप सुरू झाला, भट्टी सरळ झाली, आणि काकांनी स्वतः भंगाराची पहिली खेप आत सोडली.

मला राग आला, मालकाचा आणि काकांचाही. अक्षताला म्हटलं, चल, घरी सोडतो. ती गेटवरच्या वॉचमनच्या खोलीत जाऊन बसली. तिथं छताला एक पंखा होता, फाउंड्रीच्याच लाइनवरचा; तिकडची वीज गेली की तोही थांबणार.

पाळी सुटेपर्यंत ती पंखा फिरतोय का, तेवढंच बघत बसली. आज शुक्रवार आहे, सोमवार अजून तीन दिवस लांब.