एकेचाळिसावा थर

“अगं, ते चित्र गरागरा फिरवू नकोस. चित्र काय, नवरीसारखं नटलेलंच असतं. मला थर दाखव, थर!”

“दाखवतेच आहे, मामंजी. जरा दम धरा.”

“दम धरून धरून दोन पॅटर्न भंगारात गेले. आता धरायला दम उरलाय कुठं?”

सूनबाईनं माऊस जरा जोरात आपटला, तेच उत्तर. मिस्त्रींनी स्टूल पुढं ओढलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि नाक जवळजवळ पडद्याला टेकवलं.

हे मिस्त्री मूळचे सुतार. या भट्टीच्या कारखान्यात चौतीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे जी वस्तू ओतायची तिचा हुबेहूब ठोकळा. तो वाळूत दाबायचा, वाळू ठोकून घट्ट करायची, ठोकळा अलगद वर ओढायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. ठोकळ्याला कुसळाएवढी चूक राहिली तर धातूला मुसळाएवढी होते. मिस्त्रींनी केलेला ठोकळा वाळूतून निघताना लोण्यातून सुरी निघावी तसा निघायचा. कारखान्यात सगळे तसं म्हणायचे. मिस्त्री स्वतः जरा जास्तच म्हणायचे.

सहा महिन्यांपूर्वी त्यांनीच मालकाला भरीस घालून प्लास्टिकचे थर रचणारं छपाईचं मशीन घ्यायला लावलं. आणि ते चालवायला ड्रॉइंग शिकलेली आपली सून आणली. “माझ्या शब्दावर घ्या,” असं दोन्ही वेळा म्हणाले. आता तो शब्द घशात अडकला होता. विजेच्या मोटारीच्या झाकणाचा पॅटर्न दोनदा छापला, दोनदा फुकट गेला. ॲल्युमिनिअमची भट्टी आठवड्यातून एकदाच, गुरुवारी पेटायची. आज बुधवार. मालकानं सकाळी दारातूनच सांगितलं होतं, “उद्या साचा बसला नाही तर मशीन विकून टाकतो. ड्रॉइंगही बाहेरून करून घेईन.” म्हणजे सूनबाई घरी. आणि मिस्त्रींनी उरलेली वर्षं मान खाली घालून रंधा मारायचा.

छपाईला पंधरा तास लागायचे. दोनच्या आत लावलं तर पहाटे पाचला उतरणार, मग घासून, रंगवून दहाला वाळूत. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता.

पहिल्या वेळी काय झालं, ते मिस्त्रींना पाठ होतं. ठोकळ्याच्या बुडाला एक लांबट खाच आहे. ओढून काढायची लोखंडी पट्टी तिच्यात बसते. खाच पंचवीस मिलिमीटर रुंद, एकशेदहा लांब. छापताना बूड खाली असतं, त्यामुळं खाचेवर छत घालायचं तर मशीनला प्लास्टिकचा तंतू हवेतून पलीकडे न्यावा लागतो. याला पूल म्हणतात. त्या मशीननं पूल लांबीच्या बाजूनं टाकला. तंतू लोंबले, छताला झोळी आली, पट्टी बसेना. “घरावर वासे टाकताना कुणी लांबीनं टाकतं का गं? आखूड बाजूनं टाकतात!” असं मिस्त्री तेव्हा कळवळून म्हणाले होते. मग सूनबाईनं सेटिंगमध्ये पुलाची दिशा ठरवून टाकली, आडवी.

दुसऱ्या वेळी छत झक्क आलं आणि वरची पाती गेली. झाकणाला हवा लागावी म्हणून वर बारा उभी पाती आहेत, शेंड्याला दीड मिलिमीटर जाड. मशीननं पात्याच्या दोन बाजूंना दोन भिंती घातल्या आणि मध्ये केसाएवढी फट तशीच सोडली. फट भरायचा पर्याय सूनबाईनंच बंद केला होता, भरताना मशीन थरथरतं म्हणून. वाळूतून ओढताना तीन पाती कट्‌कन मोडली. साचे भरणारा वाळूतात्या ती हातावर घेऊन आला आणि म्हणाला, “मिस्त्री, तुमच्या सुनेनं बिस्किटं पाठवलीत का?”

त्या दिवशी घरी जेवताना सासरा-सून दोघं ताटाकडं बघून भांडले. शेवटी सासूबाईंनी भाताचा डाव ताटात आपटला आणि हुकूम सोडला, “उंबऱ्याच्या आत भिंत म्हणायचं नाही, थर म्हणायचं नाही. भात वाढलाय, त्याचे थर मोजू नका.”

दोन्ही चुका छापण्याआधी पडद्यावर दिसत होत्या, हेच मिस्त्रींच्या जिवाला लागलं होतं. त्या सॉफ्टवेअरला दोन तोंडं. एका तोंडात नुसता ठोकळा दिसतो, गुळगुळीत, जसा हवा तसा. दुसरं तोंड प्रिव्ह्यूचं. तिथं मशीन खरोखर काय करणार ते थराथरानं दिसतं, तंतू कुठून कुठं जाणार तेसुद्धा. सगळे पहिल्या तोंडाकडं बघून खूश व्हायचे आणि बटण दाबायचे.

“हे बघा, पाती,” सूनबाई म्हणाली. तिनं पडद्यावरची उजवीकडची, थर मोजायची पट्टी वर ओढली. तिनं मशीनला तंतूची जाडी कमी-जास्त करायची मुभा दिली होती. पात्यात आता फट उरली नव्हती, कडेपासून कडेपर्यंत भरीव. “झालं समाधान?”

“ते पांढरे ठिपके कसले?”

“सीम.”

“म्हणजे गाठ.”

“तुमच्या भाषेत गाठ.”

मशीन एका थराची फेरी जिथं सुरू करतं आणि संपवतं, तिथं प्लास्टिकचा बारीक टेंगूळ राहतो. थरावर थर चढले की टेंगळांची रांग. मिस्त्रींनी बोट पडद्यावर टेकवलं. बोटाचा ठसा उमटला, सूनबाईनं कपाळाला हात लावला.

“या रांगा पात्यांच्या बुडाशी, आतल्या कोपऱ्यात का घुसल्यात?”

“सॉफ्टवेअर गाठ कोपऱ्यात लपवतं. दिसू नये म्हणून.”

“दिवाणखान्यात ठेवायचंय का हे? ठोकळ्याचा आतला कोपरा म्हणजे वाळूची बाहेरची धार. सगळ्यात हळवी जागा! तिथं टेंगळांची करवत ओढली तर वाळू उभी फाटेल. आणि दोन पात्यांत सहा मिलिमीटर जागा. माझी कानस जाणार कुठून? गाठ जिथं कानस पोचते तिथं पाहिजे.”

दोन दिवसांत पहिल्यांदाच सूनबाई रागावली नाही, पात्यांकडं बघत विचार करायला लागली.

“पात्याच्या टोकाला चालेल?” तिनं विचारलं.

“पळेल!”

“मग गाठ ‘मागे’ ठेवायला सांगते. पण मागे म्हणजे मशीनच्या मागच्या बाजूला. पाती आत्ता आडवी आहेत. ठोकळा काटकोनात फिरवला की प्रत्येक पात्याचं एक टोक मागं येईल.”

तिनं ठोकळा फिरवला, पुन्हा थर पाडायला लावले. संगणक घुं घुं करत बसला. सव्वा वाजला. पांढऱ्या रांगा आता बाराही पात्यांच्या मागच्या टोकांवर उभ्या होत्या, शाळेतल्या पोरांसारख्या. मिस्त्रींनी हुंकार दिला. त्यांच्याकडून एवढंच कौतुक मिळायचं.

“पाठवू मशीनला?”

“पहिल्या थरापासून दाखव.”

“मामंजी! खालचं सगळं सोमवारी बघितलंय. नुसता फिरवलाय ठोकळा, बदललं काही नाही.”

“मग बघायला काय जातं?”

“वेळ जातो!”

तेवढ्यात मालक दारात. हात कमरेवर. “काय, अजून सिनेमाच चालू आहे का?”

“पाचच मिनिटं, मालक.”

“मिस्त्री, लाकडात तुम्ही असं बघत बसायचा का?”

“लाकडात आतलं दिसत नव्हतं म्हणून बसत नव्हतो. इथं दिसतंय, तर डोळे मिटू का?”

“मला उद्या माल पाहिजे. डोळे मिटा नाहीतर उघडे ठेवा.” मालक तिथंच उभा राहिला. मालक दारात उभा राहिला की खोलीतली हवा निम्मी होते.

सूनबाईचे कान लाल झाले होते. तिनं पट्टी तळाला नेली आणि मुद्दाम भराभर वर चढवायला लागली. दहा, वीस, तीस...

“हळू. माझ्या डोळ्यांचं वय बघ.”

पस्तीस, अडतीस, चाळीस. खाच उघडीच. एकेचाळीस. छताचा निळा पट्टा आला.

“थांब!”

“काय झालं?” दारातून मालक.

मिस्त्री पडद्याच्या तळाची, एकेक तंतू दाखवणारी पट्टी बोटानं दाखवत राहिले. सूनबाईनं ती हळूहळू ओढली. पडद्यावर तंतू एकेक करून पडायला लागले. पहिला तंतू खाचेच्या या टोकाला सुरू झाला आणि चालत राहिला, चालतच राहिला, एकशेदहा मिलिमीटर, हवेतून, पार त्या टोकाला. दुसरा त्याच्या शेजारून. तिसरा.

“लांबीनं टाकतंय,” मिस्त्री म्हणाले. आवाजात विजय नव्हता, नुसता वैताग. “परत लांबीनं.”

सूनबाईचा हात तोंडावर गेला. “पुलाची दिशा मी ठरवून ठेवली होती... ती मशीनच्या हिशेबानं असते. ठोकळा फिरला, दिशा तिथंच राहिली.”

“म्हणजे घर फिरलं, वासे फिरले नाहीत.”

“हो.”

मालकाला पूल कळला नाही, पण दोघांची तोंडं कळली. तो दार आपटून निघून गेला.

सूनबाईनं दिशा काटकोनात बदलली आणि पुन्हा थर पाडले. या वेळी मिस्त्रींनी काही सांगायच्या आत तिनंच पट्टी पहिल्या थरावर आणली आणि एकेक करत दोनशेपर्यंत नेली. निळे तंतू आखूड बाजूनं, दोन्ही काठांवर टेकलेले. पाती भरीव. गाठी टोकाला. मशीन लागलं तेव्हा दोनला चार मिनिटं कमी होती. मग दोघांनी थंड झालेला डबा खाल्ला.

गुरुवारी सकाळी मिस्त्रींनी बारा टोकांवरून कानस फिरवली, रंगाचा हात मारला, आणि दहाला वाळूतात्याच्या पेटीपाशी जाऊन उभे राहिले. सूनबाई दोन पावलं मागं. तात्यानं वाळू ठोकली, पेटी उलटवली, पट्टी खाचेत बसवली. खट्ट, घट्ट बसली. हातोडीनं चहूबाजूंनी टकटक केलं आणि ठोकळा वर उचलला. बारा चिरा वाळूत उभ्या राहिल्या, धारा शाबूत.

तात्यानं वाकून आत फुंकर मारली. “बिस्किटं नाहीत आज,” तो म्हणाला.

मालकही बघत होता. त्यानं साच्यावरून नजर फिरवली, मिस्त्रींकडं बघितलं. मशीन विकायची भाषा काढली नाही. आभाराचीही नाही.

“सगळं आधीच दिसत होतं ना त्या पडद्यावर? मग पहिल्यांदाच का नाही बघितलं?”

मिस्त्री वाकून वाळूतल्या धारा बघायला लागले. याला काय सांगणार? खरंच दिसत होतं. दोन आठवडे, दोन ठोकळे आणि घरातलं जेवण नासलं, तेव्हा कुठं बघायची अक्कल आली. चौतीस वर्षं लाकडाची आतली रेघ नुसत्या हातानं ओळखणारा माणूस, आणि समोर मांडून ठेवलेलं वाचलं नाही. ते सूनबाईवर खेकसणार होते, पण खेकसण्यासारखं तिच्याकडं आज काहीच नव्हतं, याचाही त्यांना राग आला.

“झाकणाचा दुसरा अर्धा भाग कधी देताय?” मालकानं विचारलं.

“ड्रॉइंग तयार आहे,” सूनबाई म्हणाली.

“ड्रॉइंग तयार असून काय उपयोग?” मिस्त्री गुरकावले आणि पॅटर्नच्या खोलीकडं वळले. “थर पाडलेत का?”

“पाडलेत.”

मिस्त्रींनी पडद्यावरचा कालचा ठसा बाहीनं पुसला, स्टूल ओढलं आणि चष्मा नाकावर आणला. सूनबाईनं पट्टी तळाला नेली.

“एक,” मिस्त्री म्हणाले. “पुढचा.”